काळं, पांढरं, राखाडी: ग्रोथ स्कॅनचा कागद हातात आल्यावर काय बघायचं

बत्तिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीहून घरी आले तेव्हा माझ्या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी एकदम लिहिलेल्या होत्या: बाळ पायाळू, पाणी बॉर्डरलाइन, बाळाच्या पोटाचा घेर मागे. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी नारळपाण्याचा रतीब लावला. मी मात्र सोबत मिळालेला फोटो घेऊन खिडकीत बसले आणि एका मोठ्या काळ्या पट्ट्यावर बोट ठेवून नवऱ्याला म्हणाले, "हे बघ, एवढं पाणी आहे की! मग कमी कसं म्हणतात?"

तीन आठवड्यांनी सोनोग्राफीच्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवून समजावलं, तेव्हा कळलं की तो पट्टा पाणी नव्हताच. ती बाळाच्या मांडीच्या हाडाची सावली होती.

मी डॉक्टर नाही. पण तो फोटो कसा बघायचा हे आधी कुणी सांगितलं असतं तर ते तीन आठवडे बरे गेले असते. म्हणून पहिलटकरणींसाठी आणि त्यांच्यापेक्षा जास्त घाबरणाऱ्या त्यांच्या नवऱ्यांसाठी हे लिहिते आहे. साधारण २८ आठवड्यांनंतर होणाऱ्या ग्रोथ स्कॅनपुरतंच लिहिते. पाचव्या महिन्यात व्यंग तपासायला करतात ती सोनोग्राफी वेगळी, तिच्याबद्दल इथे काही नाही.

## १. जाताना काय न्यायचं

- डॉक्टरांची चिठ्ठी, ज्यावर सोनोग्राफी का हवी ते लिहिलेलं असेल
- आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, त्याची एक झेरॉक्स
- आधीच्या सगळ्या सोनोग्राफींचे रिपोर्ट, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांतला
- शेवटच्या पाळीची तारीख
- पोट सहज मोकळं करता येईल असे कपडे आणि जेल पुसायला एक जुना रुमाल

यातला पहिल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट लोक हमखास घरी विसरतात, आणि खरं तर तोच सगळ्यात महत्त्वाचा. का ते सहाव्या पायरीत येईल.

चिठ्ठी आणि ओळखपत्र नसेल तर परत पाठवतात, त्यात त्यांचा आडमुठेपणा नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९९४ चा केंद्रीय कायदा आहे (महाराष्ट्राने तर त्याआधी १९८८ मध्येच आपला कायदा केला होता) आणि त्यानुसार प्रत्येक गरोदर बाईचा फॉर्म एफ भरावाच लागतो. मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, असं त्यावर सही करून द्यायचं. आत गेल्यावर "काय आहे?" असं गमतीतही विचारू नका. उत्तर देणं हा गुन्हा आहे आणि विचारणंही.

शेवटच्या तिमाहीत पाणी पिऊन लघवी तुंबवून ठेवायची गरज सहसा नसते. मी मैत्रिणीच्या सांगण्यावरून दीड लिटर पाणी पिऊन गेले आणि दोन तास तळमळत बसले. दवाखान्यात फोन करून विचारून घ्या.

## २. आधी फोटो सरळ धरायला शिका

फोटो पंख्यासारखा पसरलेला असतो, वर अरुंद आणि खाली रुंद. पंख्याचं वरचं टोक म्हणजे तुमच्या पोटाची कातडी, जिथे प्रोब टेकवला होता ती जागा. फोटोत जे खाली आहे ते तुमच्या पाठीच्या बाजूला. म्हणजे फोटोतलं वर-खाली आणि तुमचं डोकं-पाय यांचा काही संबंध नाही. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. फोटोत बाळाचं डोकं वर दिसलं म्हणून घरी "डोकं वर आहे" अशी चर्चा सुरू होते, आणि प्रत्यक्षात ते डोकं फक्त कातडीच्या जवळ असतं.

डोकं कुठे आणि पाय कुठे हे कळायला प्रोब कसा धरला होता ते माहीत हवं. प्रोब उभा, म्हणजे बेंबीच्या रेषेत धरला असेल, तर प्रथेप्रमाणे फोटोची डावी बाजू तुमच्या छातीकडची आणि उजवी बाजू पायांकडची. प्रोब आडवा धरला असेल तर फोटोची डावी बाजू म्हणजे तुमची उजवी कूस. समोर उभं राहून तुमच्याकडे बघणाऱ्याला जसं दिसेल तसं. नुसत्या फोटोवरून प्रोब उभा होता की आडवा हे आपल्याला सांगता येत नाही, त्यामुळे बाळ कसं आहे यासाठी रिपोर्टमधली ओळ वाचा आणि फोटो नंतर बघा.

## ३. काळं कशामुळे, पांढरं कशामुळे

प्रोबमधून आवाज आत जातो. आपल्याला ऐकू न येणारा, सेकंदाला साधारण २० ते ५० लाख कंपनांचा. वाटेत जिथे एक पदार्थ संपून दुसरा सुरू होतो तिथून थोडा आवाज परत फिरतो. तो किती वेळाने आला यावरून मशीन ठिपका किती खोल ठेवायचा ते ठरवतं, आणि किती जोरात आला यावरून ठिपका किती पांढरा करायचा ते.

पाण्यात प्रतिध्वनी उठायला काहीच नसतं, म्हणून पाणी काळं दिसतं. गर्भजल, बाळाच्या जठरातलं पाणी, बाळाची लघवीची पिशवी, तुमची लघवीची पिशवी, नाळेतलं रक्त हे सगळं काळं. हाडावरून आवाज जोरात परत येतो, म्हणून कवटी, मणके, बरगड्या, मांडीचं हाड पांढरं. मधल्या मऊ गोष्टी राखाडी असतात: वार, यकृत, फुप्फुसं, मेंदू. यात वार साधारण एकसारखी, भिजवलेल्या रव्यासारखी दाणेदार राखाडी दिसते. शेवटच्या महिन्यांत तिच्यात पांढरे ठिपके दिसू लागतात. ते कॅल्शियम असतं आणि नऊ महिने भरत आलेल्या वारेत ते असणं नेहमीचं आहे.

आता माझ्या त्या काळ्या पट्ट्याकडे येऊ. हाड बहुतेक आवाज परत पाठवतं, त्यामुळे हाडाच्या मागे आवाज पोचतच नाही. मागून काही परत आलं नाही की मशीन तिथे काळं काढतं. उन्हात खांब उभा केला की मागे सावली पडते, तसंच. म्हणजे फोटोत काळ्याचे दोन अर्थ आहेत: एक पाणी, दुसरा सावली.

ते वेगळे ओळखायची खूण मॅडमनी सांगितली, ती चांगली लक्षात राहिली. काळ्या भागाच्या वरच्या टोकाला बघा. तिथे पांढरी रेघ असेल आणि काळा पट्टा तिथून सरळ फोटोच्या तळापर्यंत गेला असेल, तर ती सावली. काळ्या भागाला सगळीकडून काठ असेल आणि त्याच्या खालचा भाग आजूबाजूपेक्षा थोडा उजळ दिसत असेल, तर ते पाणी. पाण्यातून जाताना आवाज फारसा विरत नाही, म्हणून पाण्यामागच्या गोष्टी उजळ येतात. छातीच्या फोटोत बरगड्यांच्या सावल्या खिडकीच्या गजांसारख्या एकाआड एक पडलेल्या दिसतात. एकदा त्या ओळखता आल्या की पुढे चूक होत नाही.

अजून एक. मशीनवर उजेड कमी-जास्त करायचं बटण असतं, टीव्हीला असतं तसं. ते कमी ठेवलं तर वारसुद्धा काळपट दिसते, वाढवलं तर स्वच्छ पाण्यातही राखाडी धुकं दिसतं. म्हणून दोन दवाखान्यांतले फोटो शेजारी ठेवून "तेव्हा पाणी काळं होतं, आता गढूळ झालंय" असे निष्कर्ष काढू नका. तसेही शेवटच्या आठवड्यांत पाण्यात पांढरे कण तरंगताना दिसतात. बाळाच्या अंगावरचा पांढरा लेप सुटून ते होतात, आणि फक्त कण दिसले म्हणून बाळाने आत शी केली असं सोनोग्राफीवरून सांगता येत नाही.

## ४. बाळ कसं आहे: गोल शोधा, मग रूळ शोधा

डॉक्टर सगळ्यात आधी ओटीपोटावर, जांघेच्या हाडाच्या जरा वर प्रोब ठेवतात. तिथे पांढऱ्या काठाचा मोठा लंबगोल दिसला, आत गडद राखाडी आणि मधोमध एक बारीक पांढरी रेघ, तर ते डोकं. म्हणजे डोकं खाली. रिपोर्टमध्ये Cephalic लिहिलेलं येतं. तिथे लंबगोल न दिसता बाळाचा पार्श्वभाग आणि मांड्यांची हाडं दिसली आणि डोकं वर बरगड्यांखाली सापडलं, तर Breech, म्हणजे आपण ज्याला पायाळू म्हणतो ते. डोकं एका कुशीला आणि पाय दुसऱ्या कुशीला असतील तर Transverse, मूल आडवं.

मग मणका. उभा दिसला तर पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन समांतर ओळी, अगदी रेल्वेच्या रुळांसारख्या, शेपटाकडे एकमेकींजवळ येत जाणाऱ्या. हे रूळ फोटोत वरच्या बाजूला असतील तर बाळाची पाठ तुमच्या पोटाकडे आहे. अशा वेळी मणक्याची सावली नेमकी छातीवर पडते, आणि चेहरा तर खालच्या बाजूला गेलेला असतो. "बाळ पालथं आहे, जरा चालून या" असं सांगतात ते यामुळे. मला जिन्यावरून दोनदा वर-खाली करायला लावलं. चेहऱ्याचा फोटो मिळाला नाही म्हणून हिरमुसू नका, त्याने तपासणीत काही कमी राहत नाही.

आता त्या पायाळू शब्दाचं. घरात तो उच्चारला की लगेच सिझेरियनची तारीख निघते. अठ्ठावीस आठवड्यांच्या आसपास साधारण चार-पाचातलं एक बाळ पायाळूच असतं. दिवस भरेपर्यंत बहुतेक स्वतःच फिरतात आणि शंभरात तीन-चार तशी राहतात. म्हणून बत्तिसाव्या आठवड्यातलं Breech ही त्या दिवसाची नोंद समजा. छत्तीस आठवडे झाल्यावरही तसंच असेल तेव्हा डॉक्टरांशी बसून बोलायचं: बाहेरून हाताने बाळ फिरवून बघता येईल का, की सिझेरियन बरं. माझं पस्तिसाव्या आठवड्यात डोकं खाली आलेलं होतं. कधी फिरलं, मला कळलंही नाही.

## ५. पाणी: चार खिशांची बेरीज

पाणी मोजायच्या दोन पद्धती आहेत आणि रिपोर्टमध्ये कुठली वापरली ते बघणं फार गरजेचं आहे.

AFI लिहिलं असेल तर पोटाचे बेंबीपासून चार भाग कल्पून प्रत्येक भागातला सगळ्यात खोल काळा खिसा उभा मोजतात आणि चारही आकड्यांची बेरीज करतात. साधारण ५ ते २५ सेंटिमीटर ठीक मानतात. ५ च्या खाली कमी, आणि ५ ते ८ च्या मधल्यांना बरेच जण बॉर्डरलाइन म्हणतात. SDP किंवा DVP लिहिलं असेल तर सगळ्यात खोल असा एकच खिसा मोजलेला असतो. तो २ ते ८ सेंटिमीटर असावा.

माझे बत्तिसाव्या आठवड्यातले चार खिसे असे होते: ३.१, २.०, १.५ आणि ०.८. बेरीज ७.४, म्हणून बॉर्डरलाइन. पण त्यातला सगळ्यात खोल खिसा ३.१ सेंटिमीटरचा, म्हणजे दुसऱ्या पद्धतीने पाणी व्यवस्थित! एकच पोट, एकच दिवस, आणि शब्द दोन. मॅडम म्हणाल्या की बेरजेच्या पद्धतीने जास्त बायकांना "पाणी कमी" असं ऐकावं लागतं आणि त्यामुळे कळा आणायची औषधंही जास्त जणींना दिली जातात, बाळांना मात्र त्याने जास्त फायदा झाल्याचं दिसलेलं नाही. तेव्हा तुमच्या रिपोर्टमध्ये फक्त AFI असेल तर "सगळ्यात खोल खिसा किती होता?" हा प्रश्न जरूर विचारा. चार आकडे बहुतेक वेळा फोटोच्या कोपऱ्यात छापलेलेही असतात.

खिसा मोजताना चुका कुठे होतात तेही बघा. खिशात नाळेची वेटोळी असतील तर ती मोजायची नसतात, पण नाळेच्या आत रक्त, म्हणजे तीही काळी. उजेड कमी असला की नाळ पाण्यात मिसळून जाते. म्हणून डॉक्टर मध्येच वाहतं रक्त दाखवणारं रंगीत डॉप्लर चालू करतात: लाल-निळं चमकलं तर ती नाळ. प्रोब जोरात दाबला तर खिसा चेपून लहान येतो. तुमची स्वतःची लघवीची पिशवी भरलेली असेल तर फोटोच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात छान काळा तलाव दिसतो, तो गर्भजलाचा नव्हे. आणि हाडाची सावली, ज्यात मी फसले.

हे पाणी येतं कुठून, तर पाचव्या महिन्यापासून पुढे मुख्यतः बाळाच्या लघवीतून. म्हणून पाणी कमी वाटलं की डॉक्टर बाळाच्या ओटीपोटात एक लहानसा काळा गोल शोधतात. ती बाळाची लघवीची पिशवी. ती दिसली, थोड्या वेळाने भरलेली किंवा रिकामी झालेली दिसली, म्हणजे मूत्रपिंडं काम करताहेत. मी स्क्रीनवर ती बघितली, मुगाच्या दाण्याएवढी वाटली आणि आमचं बोलणं होईपर्यंत बोराएवढी झाली. तेवढ्याने माझी निम्मी भीती गेली.

त्यानंतर विचारतात ते पाणी गळतंय का. हा प्रश्न लाजून टाळू नका. पिशवीला बारीक छिद्र पडून थेंब थेंब पाणी जात असेल तर बाईला ते लघवी किंवा पांढरं जाणं वाटतं. गळत नाही, बाळाची पिशवी भरते आहे, तर पुढचा संशय वारेवर: तिच्याकडून पोषण कमी मिळालं की बाळाचं शरीर रक्त मेंदूकडे वळवतं, मूत्रपिंडांना कमी जातं, लघवी कमी होते. म्हणून पाणी आणि वाढ या दोन गोष्टी नेहमी जोडीने वाचायच्या.

नारळपाण्याचं राहिलंच. आईने भरपूर पाणी प्यायल्याने गर्भजल थोडं वाढू शकतं, हे खरं. पण त्यात नारळाची खास अशी काही करामत नाही, साधं पाणीही चालतं. आणि पिशवी फुटली असेल किंवा वार नीट काम करत नसेल तर नारळांच्या गाडीनेही काही होणार नाही.

## ६. वाढ: चार मापं आणि एक अंदाज

वजन मशीन मोजत नाही. डॉक्टर फोटोत चार ठिकाणी खुणा ठेवतात आणि मशीन सूत्रात घालून वजनाचा अंदाज काढतं. चार मापं म्हणजे BPD डोक्याची रुंदी, HC डोक्याचा घेर, AC पोटाचा घेर आणि FL मांडीच्या हाडाची लांबी. EFW हा त्यातून आलेला अंदाज.

माझे बत्तिसाव्या आठवड्यातले आकडे: BPD ८० मिलिमीटर, HC २९२, AC २६२, FL ६०. अंदाजे वजन १६६९ ग्रॅम.

यात पोटाच्या घेराला सगळ्यात जास्त जपायचं. बाळाला खाऊ कमी पडला की आधी यकृत आणि पोटावरची चरबी मागे राहते, डोकं शेवटपर्यंत वाढत राहतं. माझं तसंच होतं: डोक्याची मापं ३२ आठवड्यांची आणि पोटाचं ३० आठवडे २ दिवसांचं. पण मोजायलाही हेच माप सगळ्यात अवघड, कारण पोटाला कवटीसारखा ठसठशीत पांढरा काठ नसतो. राखाडी कातडी राखाडी वारेला टेकलेली असते आणि पाणी कमी असेल तर मधली काळी रेघही नसते. खूण कुठे ठेवायची ते डोळ्यांनी ठरवावं लागतं.

तुमच्या फोटोत AC नीट घेतलंय का हे तुम्हालाही बऱ्यापैकी बघता येईल. काप जवळजवळ गोल हवा. त्यात एका बाजूला काळा बुडबुडा दिसायला हवा, ते जठर. मधल्या भागात काळी आखूड रेघ, टोकाला हॉकी स्टिकसारखी वळलेली, ती नाळेतून यकृतात जाणारी शीर. मणका एका कडेला तीन पांढऱ्या ठिपक्यांसारखा. काप लांबट झाला असेल किंवा मणक्याच्या दोन बाजूंना मूत्रपिंडं दिसत असतील तर तो तिरका किंवा खाली गेलेला आहे. मग डॉक्टरांवर खेकसायला जाऊ नका. बाळ हलत असतं, सगळ्यात चांगला काप मोजला जातो आणि छापला जातो भलताच, असंही होतं. फक्त विचारा.

या एका मापाने किती फरक पडतो ते मी सूत्रात आकडे घालून बघितलं. बाकी तीन तशीच ठेवून पोटाचा घेर २६२ ऐवजी २७२ केला, तर वजन १६६९ वरून १७६४ ग्रॅम झालं. म्हणजे एका सेंटिमीटरला ९५ ग्रॅम. खुणा सगळ्या बाजूंनी दीड दीड मिलिमीटर आत किंवा बाहेर गेल्या की घेरात जवळजवळ एक सेंटिमीटरचा फरक पडतो! म्हणून एकूण अंदाजात दहा-पंधरा टक्क्यांची चूक धरूनच चालतात. माझं १६६९ म्हणजे खरं तर १४२० ते १९२० मधलं काहीतरी.

मग तो आकडा चांगला की वाईट? त्यासाठी टक्केवारीचा तक्ता असतो. नेहमी वापरतात त्या हॅडलॉकच्या तक्त्यात ३२ आठवड्यांना मधलं वजन १९५३ ग्रॅम आहे आणि खालची दहावी रेघ १६२१ ग्रॅमवर. माझ्या रिपोर्टवर 14th percentile छापलेलं होतं. आमच्याकडे एका शिकलेल्या नातेवाइकांनी ते "शंभरात चौदा मार्क, नापास" असं वाचलं. त्याचा अर्थ असा की त्या आठवड्याच्या शंभर बाळांना वजनाने रांगेत उभं केलं तर माझ्या बाळापेक्षा हलकी चौदा. दहाच्या खाली गेलं की डॉक्टर जास्त बारकाईने बघतात, तीनच्या खाली तर नक्कीच.

आता सगळ्यात मोठा सापळा. रिपोर्टमध्ये प्रत्येक मापासमोर आठवडे येतात आणि शेवटी सरासरी. माझी सरासरी साधारण साडेएकतीस आठवडे आली आणि त्यावरून मशीनने नवी प्रसूतीची तारीख छापून टाकली, काही दिवस पुढची. घरात सगळ्यांना हायसं वाटलं: बाळ लहान नाही, तारीखच चुकली होती! असं करायचं नसतं. तारीख पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने पक्की होते, कारण तेव्हा सगळी बाळं जवळजवळ सारख्या वेगाने वाढतात. नंतर तारीख हलवली तर मागे पडलेलं बाळ कागदावर ठणठणीत दिसू लागतं. तो जुना रिपोर्ट सोबत न्या म्हणाले ते यासाठीच.

## ७. दुसऱ्या फोटोशिवाय पहिला वाचू नका

वाढ म्हणजे दोन मोजमापांमधला फरक. मधलं अंतर निदान दोन आठवड्यांचं, शक्यतो तीन. आठवड्याभरात परत मोजलं तर मोजण्याची चूकच खऱ्या वाढीपेक्षा मोठी ठरते. काळजीपोटी चौथ्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात जाऊन वजन "कमी झालेलं" घेऊन येणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. जमलं तर त्याच ठिकाणी, त्याच डॉक्टरांकडे जा.

मधल्या काळात माझा डॉप्लर झाला. नाळेतल्या रक्तप्रवाहाचा डोंगरांसारखा आलेख येतो. दोन शिखरांच्या मधल्या दरीतही रक्त पुढे वाहत असलं, म्हणजे दरी खालच्या रेघेला टेकत नसली, की वारेचा रस्ता मोकळा. माझी दरी चांगली उंच होती.

पस्तिसाव्या आठवड्यात आकडे आले BPD ८६, HC ३१३, AC २९३, FL ६६. अंदाज २२८० ग्रॅम. एकवीस दिवसांत ६११ ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण २९ ग्रॅम, त्या वयाला साजेसं. रांगेतली जागा चौदावरून अठरावर. सगळ्यात खोल खिसा ३.४, डोकं खाली. बाळ बारीक चणीचं होतं, इतकंच. आमच्या दोघांच्या उंचीकडे बघितलं असतं तर हे आधीच सुचायला हरकत नव्हती.

हेच आकडे उलटे गेले असते, म्हणजे पोटाचा घेर तीन आठवड्यांत जेमतेम हलला असता, खिसा दोनच्या खाली आला असता आणि डॉप्लरची दरी खाली बसली असती, तर बाळाला पोटात ठेवायचं की बाहेर काढायचं हा निर्णय तातडीने घ्यावा लागला असता. तिथे या लेखाचं काम संपतं आणि डॉक्टरांचं सुरू होतं.

## ८. कागदाबद्दल आणि तारखेबद्दल

फोटोचा तो गुळगुळीत कागद उष्णतेने छापलेला असतो. मी मोठ्या हौसेने एक फोटो लॅमिनेट करायला दिला. यंत्रातून बाहेर आला तो संपूर्ण काळा, पाणीही नाही आणि सावलीही नाही. घरी आल्या आल्या मोबाईलने फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद उन्हापासून लांब, फाईलमध्ये.

पुढच्या सोनोग्राफीची तारीख कितीही जवळ असली तरी चार गोष्टींसाठी तिची वाट बघायची नाही: बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, अंगावरून पाणी गेलं, रक्त गेलं, किंवा डोकं खूप दुखून डोळ्यांसमोर चमकायला लागलं. रात्रीचे दोन वाजले असले तरी फाईल घ्यायची आणि निघायचं.